अंतर्गत ऑडिट: एनसीची श्रेणी आणि ती बंद करण्याची घाई

आयएसओ ९००१ च्या २०१५ च्या आवृत्तीत अंतर्गत ऑडिटवरचे कलम ९.२ जेमतेम अर्ध्या पानाचे आहे. ठरावीक काळाने ऑडिट करा, त्याचा कार्यक्रम आखा, निकष आणि व्याप्ती ठरवा, ऑडिट निःपक्षपातीपणे होईल असे ऑडिटर निवडा, निष्कर्ष संबंधित व्यवस्थापकांना कळवा, विनाकारण उशीर न लावता दुरुस्ती आणि सुधारक कृती करा, नोंदी ठेवा. एवढेच. ज्या दोन शब्दांवरून समारोपाच्या बैठकीत सर्वांत जास्त घासाघीस होते, ते 'मेजर' आणि 'मायनर' या मानकात कुठेच नाहीत.

ते आले प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थांकडून. त्या संस्थांनी कसे वागावे हे सांगणारे मानक आयएसओ/आयईसी १७०२१-१. त्यात व्याख्या आहे: व्यवस्थेला जे साधायचे आहे ते साधण्याच्या तिच्या क्षमतेवरच परिणाम करणारी एनसी ती मेजर, तसा परिणाम न करणारी ती मायनर. प्रक्रियेवर नियंत्रण आहे की नाही, किंवा माल ठरल्याप्रमाणे निघेल की नाही, याबद्दल मोठी शंका उभी राहत असेल तर एनसी मेजर ठरू शकते, अशी टीपही सोबत आहे. एकाच अटीशी निगडित अनेक मायनर मिळून मेजर होऊ शकते, हेही तिथेच म्हटले आहे. ऑडिट कसे करावे याचे मार्गदर्शन करणारे आयएसओ १९०११ मात्र श्रेणीची सक्ती करत नाही. संदर्भ आणि जोखीम पाहून श्रेणी देता येईल, ती मेजर-मायनर अशी असेल किंवा एक ते पाच अशा आकड्यांत असेल, इतकेच ते सांगते.

म्हणजे अंतर्गत ऑडिटमधली श्रेणी ही कारखान्याने स्वतःसाठी ठरवायची गोष्ट आहे. प्रत्यक्षात बहुतेक लघुउद्योगांत ती बाहेरचा ऑडिटर काय म्हणेल या धास्तीने ठरते. सर्व्हेलन्स ऑडिटच्या महिनाभर आधी अंतर्गत ऑडिट उरकायचे, सहा-सात मायनर लिहायच्या, मेजर एकही नाही, आणि आठवड्याभरात सगळ्या बंद. ही धास्ती उलटी आहे. सर्व्हेलन्सला येणाऱ्या ऑडिटरला अंतर्गत ऑडिट आणि व्यवस्थापन आढावा या दोन गोष्टी दर वेळी पाहाव्याच लागतात. स्वच्छ अहवाल दिसला की अनुभवी माणूस खुर्चीत सावरून बसतो आणि खोदायला लागतो.

श्रेणी कशावर ठरावी आणि एनसी बंद झाली असे कधी म्हणावे, हे दोन प्रश्न एकाच प्रकरणातून नीट दिसतात. म्हणून एक नमुना प्रकरण घेऊ. भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत असावा तसा साठेक माणसांचा कारखाना, काम टर्निंग आणि ग्राइंडिंगचे. ग्राहकाला जाणाऱ्या शाफ्टचा व्यास २८ एच-सिक्स, म्हणजे जास्तीत जास्त २८.००० आणि कमीत कमी २७.९८७ मिलिमीटर. पूर्ण मुभा तेरा मायक्रॉनची.

जूनमधल्या अंतर्गत ऑडिटला ग्राइंडिंग मशीनवरचा मायक्रोमीटर ऑडिटरने हातात घेतला. स्टिकरवर कॅलिब्रेशनची मुदत ३१ मार्च. क्यूएच्या मास्टर लिस्टमध्ये पाहिले तर या मशीनचा मायक्रोमीटर एम-१४, मार्चमध्येच कॅलिब्रेट झालेला, प्रमाणपत्रही फाइलला. पण हातातल्या मायक्रोमीटरवर क्रमांक होता एम-४१. यादीत एम-४१ पुढे शेरा होता: 'स्पेअर, स्टोअरमध्ये, वापरात नाही.'

विचारपूस केली तेव्हा उलगडा झाला. एम-१४ कॅलिब्रेशनसाठी बाहेरच्या लॅबला गेला. तो यायला दिवस लागणार होते, म्हणून सेटरने १२ मार्चला स्टोअरमधून स्पेअर आणला. त्या दिवशी स्पेअरची मुदत शिल्लकच होती. एम-१४ परत आला तो क्यूएच्या कपाटात राहिला, मशीनवर एम-४१ चालत राहिला, आणि ३१ मार्च उलटून गेला. सेटरचे म्हणणे सरळ होते: "साहेब, मग मशीन बंद ठेवायचं का?" त्याच्या जागी त्याचे बरोबरच होते.

आता ही एनसी लिहायची कशी? 'कॅलिब्रेशनकडे दुर्लक्ष' असे लिहिलेली एनसी मी अनेक फायलींत पाहिली आहे. तिचे काहीच करता येत नाही. मान खाली घालून सही करावी, इतकेच. लिहिण्यात तीन गोष्टी लागतात: अट कोणती, पुरावा काय, आणि अट कुठे मोडली. उदाहरणार्थ: 'कलम ७.१.५.२ आणि कंपनीची कॅलिब्रेशन पद्धती यांनुसार मोजमापाची साधने ठरलेल्या मुदतीत कॅलिब्रेट केलेली असावीत आणि त्यांची स्थिती ओळखता यावी. १८ जून रोजी ग्राइंडिंग विभागात शाफ्टच्या अंतिम व्यासासाठी मायक्रोमीटर एम-४१ वापरात आढळला. त्याची मुदत ३१ मार्चला संपली आहे. मास्टर लिस्टमध्ये तो वापरात नसल्याची नोंद आहे.' यात कोणाचे नाव नाही, कारणाचा अंदाज नाही, उपदेश नाही. शेवटचे वाक्य मात्र फार महत्त्वाचे आहे. ते नसते तर ही फक्त मुदत चुकल्याची तक्रार झाली असती. त्या वाक्यामुळे यादी आणि मशीन यांचा संबंध तुटल्याचे दिसते.

श्रेणी देण्याआधी ऑडिटरने दोन गोष्टी बघायला हव्यात आणि दोन्हींसाठी पायपीट लागते. पहिली, हे एकट्या एम-४१ चे आहे की आणखी कुठे आहे. या कारखान्यात मशीनवर वापरात असलेली साधने चाळीस. सगळी यादीशी ताडून पाहिली, तेव्हा आणखी दोन सापडली: एक प्लग गेज आणि एक बोअर गेज, दोन्ही स्पेअर म्हणून आणलेली, दोन्हींची मुदत संपलेली. म्हणजे ही एका सेटरची विसरभोळी चूक नाही. स्पेअर ज्या वाटेने मशीनवर येतात, त्या वाटेवर कुणी उभेच नाही.

दुसरी गोष्ट, चुकीचा माल बाहेर गेला असण्याची शक्यता किती. इथे घाई करून चालत नाही. एम-४१ एनएबीएल मान्यताप्राप्त लॅबला पाठवला आणि अहवाल आला: अठ्ठावीस मिलिमीटरच्या आसपास तो चार मायक्रॉन कमी दाखवतो. कंपनीच्या स्वतःच्या निकषात मुभा दोन मायक्रॉनची. घासलेल्या मापनपृष्ठांचा मायक्रोमीटर सेटिंग रॉडवर शून्याला पुन्हा न बसवता वापरला तर असेच होते. स्पिंडल थोडा जास्त आत येतो आणि माप खऱ्यापेक्षा कमी दिसते. या स्पेअरच्या डबीत सेटिंग रॉडच नव्हता.

चार मायक्रॉन हा आकडा तेरा मायक्रॉनच्या मुभेसमोर ठेवून पाहा. मशीनवर २७.९९७ वाचले तेव्हा शाफ्ट खरा २८.००१ होता, म्हणजे मोठा. २७.९९७ ते २८.००० या पट्ट्यातले प्रत्येक वाचन 'पास' म्हणून लिहिले गेले आणि प्रत्यक्षात ते नापास होते. खालच्या टोकाला उलटे झाले: २७.९८३ ते २७.९८६ वाचून जे शाफ्ट भंगारात टाकले ते चांगले होते. हे दुसरे नुकसान सहसा कोणी मोजत नाही, कारण त्याची तक्रार ग्राहकाकडून येत नाही.

कलम ७.१.५.२ चा शेवटचा भाग इथे लागू होतो, आणि माझ्या पाहण्यात सर्वांत जास्त विसरला जाणारा भाग तोच. साधन उपयोगास अयोग्य निघाले तर त्याने आधी घेतलेल्या मापांच्या वैधतेवर परिणाम झाला का हे ठरवावे लागते. नुसते नवे कॅलिब्रेशन करून स्टिकर लावले की संपले, असे नाही. कुठपर्यंत मागे जायचे? साधन चांगले होते याचा शेवटचा खात्रीचा पुरावा जिथे आहे तिथपर्यंत. एम-४१ च्या बाबतीत तो आधीच्या वर्षीच्या कॅलिब्रेशनचा. पण मधला काळ तो स्टोअरमध्ये होता आणि इश्यू रजिस्टरप्रमाणे १२ मार्चलाच मशीनवर आला. म्हणून १२ मार्चपासूनची तपासणीपत्रके काढायची. मुदत संपली ३१ मार्चला म्हणून तिथून सुरुवात करायची, हा सोयीचा तर्क चालत नाही. मायक्रोमीटर घासला जातो तो तारखेला विचारून नव्हे.

पत्रकांत २७.९९७ आणि त्याहून मोठी वाचने सतरा ठिकाणी निघाली असे समजू. ती नमुन्याची वाचने आहेत, त्यामुळे संशयित ठरतात ते सतरा शाफ्ट नव्हेत, तर आधीच्या आणि नंतरच्या चांगल्या वाचनांच्या मधले सगळे उत्पादन. यातला जो माल कारखान्यातच आहे तो वेगळा काढून चांगल्या मायक्रोमीटरने पुन्हा मोजायचा. जो गेला आहे त्याबद्दल ग्राहकाला कळवायचे. वाहन उद्योगाच्या आयएटीएफ १६९४९ मध्ये संशयित माल पाठवला गेला असेल तर ग्राहकाला कळवणे सरळ सक्तीचे आहे. आयएसओ ९००१ चे कलम ८.७ ही चुकीचा माल पोचल्यानंतर कळला तरी योग्य कृती मागते.

आता श्रेणी. समजा या शाफ्टची डिस्पॅचपूर्वी शंभर टक्के तपासणी कॅलिब्रेट केलेल्या 'गो' आणि 'नो-गो' स्नॅप गेजने होत असती. मग मोठे शाफ्ट तिथे अडले असते, आणि ग्राहकाच्या दृष्टीने धोका जवळपास नसता. तरीही तीन साधने एकाच वाटेने निसटली, म्हणून व्यवस्थेचा दोष उरतोच. त्याला मी मायनर म्हटले असते, पण मुदत कमी दिली असती. आपल्या नमुन्यात मात्र अंतिम तपासणी डोळ्यांनी आणि पॅकिंगपुरतीच आहे. मशीनवरचे माप हेच शेवटचे माप. म्हणून ही मेजर, यात मला शंका वाटत नाही.

कलम तेच, पुरावा तोच, आणि श्रेणी मात्र वेगळी ठरली. कलमाचा क्रमांक पाहून श्रेणी देणारे ऑडिटर इथे चुकतात. त्यांच्या मनात तयार यादी असते: कॅलिब्रेशन म्हणजे मायनर, कागदपत्राची आवृत्ती जुनी म्हणजे मायनर, व्यवस्थापन आढावाच झाला नाही तर मेजर. त्याऐवजी विचारायचे ते असे: ही चूक पुढच्या कुठल्या टप्प्यावर पकडली गेली असती? उत्तर 'कुठेच नाही' आले की श्रेणी वर जाते. शक्यता गुणिले तीव्रता असे आकडे मांडून श्रेणी काढणाऱ्या पद्धतीही वापरात आहेत. मोठ्या कंपन्यांत त्या चालतात. साठ माणसांच्या कारखान्यात मात्र बारा गुण की पंधरा यावर अर्धा तास जातो आणि प्लग गेज तसाच मशीनवर राहतो, असे माझे मत झाले आहे.

एक तिसरा कप्पाही असतो, 'सुधारणेची संधी'. तो उपयोगी आहे, पण त्यात एनसी ढकलणे ही फार जुनी सवय. १७०२१-१ ने प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थांना हे स्पष्टपणे मना केले आहे: एनसी असेल तर ती सुधारणेची संधी म्हणून नोंदवायची नाही. अंतर्गत ऑडिटला हा नियम लागू नसला, तरी तो उसना घ्यावा.

पुढचा टप्पा कारणाचा. दुरुस्ती आणि सुधारक कृती यांतला फरक कागदावर सर्वांना पाठ असतो: दुरुस्ती समोरच्या चुकीवर, सुधारक कृती तिच्या कारणावर. एम-४१ बाजूला काढून लॅबला पाठवणे, एम-१४ मशीनवर आणणे, संशयित माल वेगळा करणे ही दुरुस्ती झाली. यानंतर फॉर्ममध्ये कारणाच्या रकान्यात लिहून येते: 'ऑपरेटरने स्टिकर पाहिले नाही.' आणि कृतीच्या रकान्यात: 'ऑपरेटरला ट्रेनिंग दिले.' सोबत पंचवीस सह्यांचे हजेरीपत्रक.

या कारणाची परीक्षा सोपी आहे. ते खरे असेल तर उलटे वाचूनही पटले पाहिजे: ऑपरेटरने स्टिकर पाहिले असते तर एनसी झाली नसती का? १२ मार्चला स्टिकर पाहिले असते तर मुदत शिल्लक होती. काहीच थांबले नसते. एक एप्रिलला पाहिले असते, तरी मशीन चालवायचे होते, दुसरा मायक्रोमीटर हाताशी नव्हता, आणि एम-१४ परत आल्याचे त्याला कोणी सांगितले नव्हते. मग कारण त्याच्या डोळ्यांत नाही. ते दोन नोंदींमध्ये आहे. मास्टर लिस्ट क्यूएकडे, इश्यू रजिस्टर स्टोअरकडे. स्पेअर मशीनवर गेला हे क्यूएला कळत नाही, आणि यादीत तो 'वापरात नाही' असल्याने कॅलिब्रेशनच्या पुढच्या फेरीतून सुटतो. 'स्पेअर' हा शेराच मुदतीतून सुटण्याचा रस्ता झाला होता.

यावरची कृती साधी आणि थोडी खर्चाची आहे. स्पेअर साधनांचे कपाट स्टोअरमधून क्यूएकडे आणायचे आणि किल्ली शिफ्टच्या निरीक्षकाकडे ठेवायची. 'वापरात नाही' हा शेरा यादीतून कायमचा काढायचा: साधन एकतर कॅलिब्रेट केलेले असेल, नाहीतर लाल टॅग लावून वेगळ्या कप्प्यात कुलूपबंद असेल. लॅबला साधन पाठवतानाच त्याच्या जागी कोणता स्पेअर गेला ते त्याच ओळीत लिहायचे, म्हणजे मूळ साधन परत आले की स्पेअर परत घेतल्याशिवाय ती ओळ पूर्ण होत नाही. प्रत्येक स्पेअर मायक्रोमीटरच्या डबीत सेटिंग रॉड, आणि तो रॉडही यादीत. ट्रेनिंग यानंतर द्यायचे, बदललेल्या पद्धतीचे. पद्धत न बदलता दिलेले ट्रेनिंग ही सुधारक कृती नव्हे, असे मी ठामपणे म्हणेन.

आता पडताळणीकडे येऊ. सगळ्या साखळीतला हा सर्वांत कच्चा दुवा आहे. कलम १०.२ दोन गोष्टी वेगवेगळ्या मागते: ठरवलेली कृती अमलात आणणे, आणि ती परिणामकारक ठरली का याचा आढावा घेणे. पहिली कपाट, किल्ली आणि सुधारलेली यादी पाहून दहा मिनिटांत तपासता येते. दुसरी त्या दिवशी तपासताच येत नाही, कारण ज्या प्रसंगात व्यवस्था फसली होती तो प्रसंग अजून पुन्हा घडलेलाच नसतो. आठवड्याभरात बंद झालेल्या बहुतेक एनसींमध्ये पहिल्याचा पुरावा दुसऱ्याच्या रकान्यात चिकटवलेला सापडतो.

म्हणून पडताळणीची तारीख कॅलेंडरवरून नव्हे, प्रसंगावरून ठरवावी. आपल्या प्रकरणात प्रसंग म्हणजे साधने बाहेर जाणे, स्पेअर येणे, मूळ साधन परत येणे आणि स्पेअर कपाटात जाणे. कारखाना दर महिन्याला साधनांचा एक गट लॅबला पाठवत असेल तर असे किमान तीन गट ये-जा करेपर्यंत थांबावे. तोवर फॉर्मवर 'अंमलबजावणी पूर्ण, परिणामकारकता बाकी' असा शेरा असू द्यावा. उघडी एनसी दिसली की काही व्यवस्थापकांना अस्वस्थ वाटते, पण तारीख आणि जबाबदार व्यक्ती लिहिलेली उघडी एनसी ऑडिटमध्ये कुणाला खटकत नाही.

पडताळणी करताना दिशाही महत्त्वाची. यादी हातात घेऊन साधने शोधत फिरलात तर यादीतली साधने सापडतात आणि सगळे ठीक दिसते. यादीत 'वापरात नाही' म्हणून नोंदलेला एम-४१ त्या वाटेवर येतच नाही. उलटे जावे. मशीनवरून साधन उचलावे आणि यादीत त्याची ओळ शोधावी. मूळ एनसी अशीच सापडली होती.

नमुना किती घ्यावा? चाळीस साधनांपैकी चार चुकीची आहेत असे धरा. पाचच साधने तपासली तर त्यातले एकही चुकीचे न सापडण्याची शक्यता सुमारे ५७ टक्के. दहा तपासली तरी ती ३० टक्के राहते. म्हणजे दहा साधने पाहून 'सगळे बरोबर' असे लिहिणारा ऑडिटर, व्यवस्था न सुधारताही, जवळजवळ तीनात एकदा बरोबर ठरल्यासारखा दिसतो. चाळीस साधने म्हणजे दोन तासांचे काम आहे. मेजर एनसीच्या पडताळणीला सगळी पाहावीत. हजार साधनांच्या कारखान्यात ते शक्य नाही. तिथे सरसकट नमुना घेण्याऐवजी फक्त स्पेअर म्हणून दिलेल्या साधनांची यादी काढून ती पूर्ण पाहणे जास्त उपयोगाचे.

पडताळणीत पुन्हा एक चुकीचे साधन सापडले तर? जुनीच एनसी पुन्हा उघडावी. नवी मायनर लिहून मोकळे होऊ नये. पुन्हा घडणे याचा अर्थ कारण चुकले होते किंवा कृती तोकडी पडली होती, आणि ती माहिती जुन्या फाइलीतच राहायला हवी. आणखी एक बाजू बघावी लागते: कृतीने दुसरीकडे काही बिघडवले का. किल्ली एकाच निरीक्षकाकडे असेल आणि तो रात्रपाळीला नसेल, तर सेटर शेजारच्या मशीनवरचा मायक्रोमीटर उसना घेईल, आणि दोन मशीनना एक साधन पुरवण्याची नवी पद्धत बिनबोभाट रूढ होईल. यासाठी पडताळणीची एक फेरी रात्रपाळीत हवी.

राहिला प्रश्न हे कोणी करायचे. २००८ च्या आवृत्तीत 'ऑडिटरने स्वतःच्या कामाचे ऑडिट करू नये' असे स्पष्ट वाक्य होते. २०१५ मध्ये ते गेले आणि ऑडिट वस्तुनिष्ठ आणि निःपक्षपाती असावे अशी व्यापक अट उरली. छोट्या कारखान्यांना यातून सवलत मिळाली, पण एक भगदाडही तयार झाले. बहुतेक ठिकाणी अंतर्गत ऑडिटचा प्रमुख क्यूएचाच माणूस असतो. तो उत्पादन, खरेदी, स्टोअर सगळ्यांचे ऑडिट करतो, आणि कॅलिब्रेशन, तपासणी, ग्राहकांच्या तक्रारी ही त्याची स्वतःची कामे मात्र कोणी मनापासून तपासत नाही. एम-४१ चा रस्ता नेमका तिथूनच जात होता. क्यूएचे ऑडिट खरेदी किंवा नियोजन विभागातल्या प्रशिक्षित माणसाने करावे. त्याला मायक्रॉनची फारशी समज नसेल, पण 'हा क्रमांक यादीत कुठे आहे?' हा प्रश्न विचारायला ती लागत नाही.

तुमच्या कारखान्यात मागच्या वर्षी बंद झालेल्या एनसींपैकी तीन काढा, ज्यांत कृती म्हणून 'ट्रेनिंग दिले' असे लिहिले आहे अशा. फाइल बाजूला ठेवून थेट त्या मशीनवर किंवा त्या टेबलाशी जा आणि तीच अट आज पाळली जाते का ते पाहा. पाळली जात नसेल तर ती एनसी पुढच्या व्यवस्थापन आढाव्याची वाट न पाहता त्याच दिवशी पुन्हा उघडा.